फीमधून १० टक्के टीडीएस कटतोय? कमी कपातीचा दाखला कंपनी देत नाही, आयकर खातं देतं

तालुक्याच्या गावी राहून पुण्या-नाशिकच्या कंपन्यांची कामं करणारे इंजिनिअर, आर्किटेक्ट, डॉक्टर, वकील आता पुष्कळ झाले आहेत. नोकरी नाही, पगार नाही. काम केलं की बिल लावायचं आणि फी खात्यावर यायची. ९० हजारांचं बिल लावलं की खात्यावर ८१ हजार येतात. ९ हजार टीडीएस म्हणून कापलेले असतात. वर्षभर असंच चालतं, आणि पुढच्या वर्षी रिटर्न भरताना कळतं की यातला बराचसा किंवा सगळाच कर आपल्याला लागू नव्हता. पैसे परत मिळतात हे खरं, पण पेरणीला, हप्त्याला, मुलाच्या फीला लागत होते तेव्हा ते सरकारच्या खात्यात असतात.

यावर कायद्यात उपाय आहे. त्याला कमी कर कपातीचं प्रमाणपत्र म्हणतात, बोलीत ‘लोअर टीडीएस सर्टिफिकेट’. पण ते कोणाकडे मागायचं इथेच बहुतेकांची गल्लत होते.

कंपनीच्या अकाउंटंटला गळ घालून उपयोग नाही

नेहमीचा फोन असा असतो. “मॅडम, माझं उत्पन्न तेवढं नाही हो, पुढच्या महिन्यापासून जरा कमी कापा ना.” पलीकडून उत्तर येतं, “सर, माझ्या हातात नाही. सर्टिफिकेट आणा, लगेच कमी करते.” मग माणसाला वाटतं की कंपनी टोलवाटोलवी करतेय.

कंपनी टोलवत नाही. प्राप्तिकर कायदा १९६१ च्या कलम १९४जे प्रमाणे व्यावसायिक फीवर १० टक्के कापणं तिच्यावर बंधनकारक आहे. एका वर्षात त्या कंपनीकडून मिळणारी फी ५० हजारांच्या वर गेली की कपात सुरू होते (ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनची, आधी ३० हजार होती). कंपनीने मनाने कमी कापलं तर राहिलेली रक्कम तिच्याकडून वसूल होते, वर दरमहा १ टक्का व्याज. तुमच्या सोयीसाठी कोणता अकाउंटंट हे अंगावर घेईल?

काही जण बँकेत ठेवीच्या व्याजासाठी देतात तो १५जी फॉर्म भरून कंपनीला देतात. त्याचा इथे काही उपयोग नाही. १५जी आणि १५एच व्यावसायिक फीला चालतच नाहीत.

दाखला देतो आयकर खात्याच्या टीडीएस विभागाचा अधिकारी, कलम १९७ खाली. अर्ज तुम्ही स्वतः करायचा असतो, फॉर्म १३ मध्ये, ऑनलाइन. मग कंपनीकडे काय मागायचं? फक्त तीन गोष्टी: तिचा टॅन नंबर, ज्या कलमाखाली ती तुमचा टीडीएस कापते ते कलम, आणि या वर्षात तुम्हाला साधारण किती फी देणार याचा अंदाज. दाखला निघाला की कंपनीने तो मानायचा असतो. तिथे तिची मर्जी चालत नाही.

दहा टक्के जास्त का होतात

टीडीएस कापला जातो पूर्ण बिलावर. कर लागतो तो खर्च वजा जाऊन उरलेल्या उत्पन्नावर. सगळी गोम इथेच आहे.

समजा, तालुक्याला राहणारा एक सिव्हिल इंजिनिअर आहे. पुण्याची एक सल्लागार कंपनी त्याच्याकडून पाण्याच्या टाक्यांची ड्रॉइंग आणि एस्टिमेट करून घेते, महिन्याला ९० हजार. नाशिकच्या एका ठेकेदार कंपनीचं काम वर्षातून तीन टप्प्यांत येतं, मिळून ३ लाख ६० हजार. आर्थिक वर्ष २०२५-२६ चा हिशोब धरू. पुण्याचे १०,८०,००० आणि नाशिकचे ३,६०,०००, एकूण फी १४,४०,०००. दहा टक्क्यांनी टीडीएस झाला १,४४,०००.

आता कर किती? इंजिनिअर, डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट अशा ठरावीक व्यवसायांना कलम ४४एडीए ची सोय आहे. वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल तर जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवता येते, खर्चाची वही-पावत्या मागत नाहीत. (रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा ७५ लाख आहे.) निम्मी ही किमान रक्कम आहे. खरा नफा त्याहून जास्त असेल तर जास्तच दाखवायचा.

म्हणजे या इंजिनिअरचं व्यवसायाचं उत्पन्न ७,२०,०००. बँकेचं व्याज १०,००० धरलं तर एकूण ७,३०,०००. नव्या कर पद्धतीत पहिल्या ४ लाखांवर काही नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के. ३,३०,००० चे ५ टक्के म्हणजे १६,५००. पण २०२५-२६ साठी १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावरचा कर कलम ८७ए च्या सवलतीने माफ होतो. त्यामुळे भरायचा कर शून्य.

कर शून्य आणि कापलेले १,४४,०००. महिन्याला सरासरी १२ हजार. ट्रॅक्टरचा हप्ता याच्या आसपास असतो.

रिफंडवर सरकार दरमहा अर्धा टक्का व्याज देतं, पण ते वर्ष संपल्यानंतरच्या १ एप्रिलपासून, तेही रिटर्न वेळेत भरलं तर. मे महिन्यात कापलेले ९ हजार मार्चपर्यंत बिनव्याजी पडून असतात. ज्याने तेवढ्यासाठी बाहेरून महिना २ टक्क्यांनी पैसे उचलले, त्याला हा फरक वेगळा सांगायला नको.

अर्जाआधी घर झाडून घ्या

अर्ज अडतात ते बहुतेक वेळा जुन्या राहिलेल्या गोष्टींमुळे. पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर ते आधी जोडा. निष्क्रिय पॅनवर कपात १० टक्के नाही, थेट २० टक्के होते आणि दाखलाही मिळत नाही.

दुसरी गोष्ट थकबाकीची. `incometax.gov.in` वर लॉगिन करून `Pending Actions` मध्ये `Response to Outstanding Demand` उघडून बघा. पाच-सात वर्षांपूर्वीची दोन-अडीच हजारांची मागणी तिथे पडून असते आणि माणसाला पत्ताही नसतो. अधिकारी दर ठरवताना जुनी थकबाकी धरतो, कायद्यातच तसं लिहिलं आहे. बरोबर असेल तर भरून टाका, चूक असेल तर तिथेच हरकत नोंदवा आणि तिची पोच ठेवा.

तिसरी गोष्ट, मागच्या चार वर्षांची रिटर्नं. अधिकारी चार गोष्टी बघतो: या वर्षीच्या अंदाजी उत्पन्नावरचा कर, मागच्या चार वर्षांच्या उत्पन्नावरचा कर, थकबाकी, आणि या वर्षी आतापर्यंत भरलेला किंवा कापला गेलेला कर. ज्याने गेल्या चार वर्षांत एकच रिटर्न भरलं, त्याला उत्पन्नाचा अंदाज पटवून देणं जड जातं. अशाने आधी रीतसर रिटर्न भरायला लागावं आणि दाखल्याचा विचार पुढच्या वर्षी करावा, हे जास्त शहाणपणाचं.

शेतीचं उत्पन्न स्वतःच्या नावावर असेल तर तेही सांगायचं. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण बाकीच्या उत्पन्नाला कोणता दर लागेल हे ठरवताना ते हिशोबात धरलं जातं. रिटर्नमध्ये आजवर दाखवलं नाही आणि अर्जात अचानक दाखवलं, किंवा उलट झालं, की प्रश्न येतो. सातबारा वडिलांच्या नावावर आणि पट्टी वडिलांच्या खात्यावर येत असेल तर ते उत्पन्न त्यांचं, तुमच्या अर्जात घेऊ नका.

कंपनीला काय लिहायचं

जुन्या कंपनीचा टॅन विचारायचीही गरज नसते. ती देते त्या फॉर्म १६ए वर किंवा तुमच्या २६एएस मध्ये तो असतो: चार अक्षरं, पाच आकडे, एक अक्षर, असे दहा. तरीही विचारून खात्री करावी, कारण मोठ्या कंपनीचे एकापेक्षा जास्त टॅन असतात. मागच्या वर्षी पुणे शाखेच्या टॅनवर कपात झाली आणि यंदा बिलं मुंबईच्या मुख्य कचेरीतून निघू लागली, तर पुण्याच्या टॅनचा दाखला कागद म्हणून राहतो. कंपनी तीच, मालक तोच, पण टॅन वेगळा म्हणून दर पुन्हा १०.

२६एएस मध्ये कलमही बघून घ्या. व्यावसायिक फी तिथे 194JB अशी दिसते, तिला १० टक्के. तांत्रिक सेवा 194JA, तिला २ टक्के. काही ठेकेदार कंपन्या बिल ठेक्याचं धरून १९४सी खाली कापतात. अर्जात एक कलम आणि कंपनीच्या वहीत दुसरं असेल तर दाखला जुळत नाही. ज्याचा टीडीएस आधीच २ टक्के कापला जातो, त्याने या खटाटोपात पडावं का हेही इथेच ठरतं.

मेल किंवा व्हॉट्सॲपवर एवढं लिहिलं तरी पुरतं:

“नमस्कार मॅडम, २०२५-२६ साठी कमी टीडीएस कपातीच्या दाखल्याकरता मी आयकर खात्याकडे फॉर्म १३ भरत आहे. त्यासाठी कंपनीच्या ज्या टॅनवरून माझ्या बिलांची कपात होते तो टॅन, कपातीचं कलम आणि या वर्षात मला अंदाजे देय असलेली एकूण फी (महिना ९०,००० प्रमाणे १०,८०,०००) मेलवर कळवावी. वर्क ऑर्डरची प्रत मिळाल्यास अर्जाला जोडता येईल. दाखला मिळेपर्यंत कपात नेहमीप्रमाणे १० टक्के चालू द्यावी.”

शेवटचं वाक्य मुद्दाम घालावं. ते वाचलं की अकाउंटंटला कळतं की समोरचा माणूस सवलत मागत नाहीये, रीतसर काम करतोय. मग उत्तर लवकर येतं.

अर्ज कसा जातो

अर्ज ‘ट्रेसेस’ या साइटवर होतो, पत्ता `tdscpc.gov.in`. तिथे करदाता म्हणून पॅनवर नोंदणी करायची. नोंदणी करताना एखाद्या कंपनीचा टॅन आणि तिने एखाद्या महिन्यात कापलेली रक्कम विचारतात, म्हणून २६एएस समोर ठेवून बसावं. लॉगिन झालं की `Statements/Forms` मध्ये `Request for Form 13` आहे.

फॉर्ममध्ये आर्थिक वर्ष, मागच्या चार वर्षांचं उत्पन्न आणि कर, या वर्षीचा अंदाज आणि प्रत्येक कंपनीची वेगळी ओळ: टॅन, कलम, रक्कम, तुम्ही मागता तो दर. सोबत मागच्या रिटर्नच्या प्रती, या वर्षीच्या अंदाजी उत्पन्नाचा आणि कराचा हिशोब, वर्क ऑर्डर किंवा कंपनीचा मेल जोडायचा. सही डिजिटल किंवा इलेक्ट्रॉनिक पडताळणीने होते. सरकारी फी नाही. सीए कडून करून घेतलं तर त्यांचा मेहनताना तेवढा.

मोबाईलवर हे सगळं करू नये. स्क्रीन लहान, फाइली चढवताना मध्येच सेशन संपतं आणि पुन्हा पहिल्यापासून. कॉम्प्युटर नसेल तर सेवा केंद्रात जा, पण पासवर्ड स्वतः टाका आणि ओटीपी सांगण्याआधी तो कशासाठी आला ते वाचा. आयकराच्या लॉगिनमधून बँक खातंही बदलता येतं, हे लक्षात असू द्या.

अर्ज गेला की तो टीडीएस अधिकाऱ्याकडे जातो. शंका असेल तर तो साइटवरच खुलासा मागतो. हा खुलासा न बघणं हे अर्ज पडून राहायचं मोठं कारण आहे. अर्ज केल्यावर दर चार-पाच दिवसांनी लॉगिन करून बघावं. ‘तुमचं उत्पन्न गेल्या वर्षीपेक्षा कमी का दाखवलं’ किंवा ‘करार जोडा’ असा साधा प्रश्न असतो. उत्तरही साधं आणि कागदासकट द्यावं. महिनाभर जाईल असं धरून चाला.

वेळेचं महत्त्व एका कारणाने आहे: दाखला मागच्या तारखेपासून लागू होत नाही. निघाला त्या दिवसापासून पुढेच. आधी कापलेलं कंपनी परत देऊ शकत नाही, ते रिटर्नमधूनच मिळतं. जानेवारीत जाग आलेल्याच्या हाती दोन-तीन बिलांपुरता फायदा राहतो.

हिशोब कसा बदलतो

आपला इंजिनिअर एप्रिलमध्ये अर्ज करतो. मागितला शून्य दर. पण आधीच्या वर्षांत १२ लाखांची सवलत नव्हती, तेव्हा त्याने थोडा कर भरलेला आहे. समजा, अधिकाऱ्याने तो बघून १ टक्क्याचा दाखला दिला, तारीख २० मे. मागितला तोच दर मिळेल असं नसतं, आणि १ टक्का मिळाला तरी तक्रारीला जागा नाही.

एप्रिलचं बिल कंपनीने ३० एप्रिललाच वहीत घेतलं होतं, त्यामुळे त्याचे ९,००० कापले गेले. कपात पैसे देताना किंवा वहीत जमा करताना, जे आधी होईल तेव्हा होते. मेपासून मार्चपर्यंत ११ बिलं, ९,९०,००० रुपये. त्यावर १ टक्का म्हणजे ९,९००, एरवी ९९,००० गेले असते. नाशिकचं काम पावसाळ्यानंतरचं. ३,६०,००० वर ३,६०० कापले, एरवी ३६,००० कापले असते.

वर्षाची कपात झाली ९,००० अधिक ९,९०० अधिक ३,६००, म्हणजे २२,५००. दाखला नसता तर १,४४,०००. हातात राहिले १,२१,५००, तेही ज्या-त्या महिन्यात. उरलेले २२,५०० रिटर्न भरल्यावर परत येतील, कारण कर शून्यच आहे.

दाखला नीट वाचा: त्यावर रकमेची हद्द असते

दाखल्यावर दर असतो तशीच रक्कमही असते. पुण्याच्या कंपनीसाठी ९,९०,००० लिहिले असतील तर तेवढ्याच रकमेपर्यंत १ टक्का. पुढच्या रुपयावर पुन्हा १०.

आता असं धरा की जानेवारीपासून कंपनीने फी १,१०,००० केली. मे ते डिसेंबर आठ बिलांचे ७,२०,००० आणि पुढच्या तीन महिन्यांचे ३,३०,०००, एकूण १०,५०,०००. हद्दीच्या वर ६०,००० गेले, म्हणजे शेवटच्या बिलात त्यावर ६,००० कापले जाणार. अकाउंटंटने न विचारता जास्त कापलं म्हणून भांडायला जाऊ नये, तिचं बरोबर आहे. जास्तीच्या रकमेचा अंदाज आधी आला तर वाढीव रकमेसाठी पुन्हा अर्ज करता येतो. म्हणून पहिल्याच अर्जात रक्कम अगदी काटेकोर न मागता, कंपनीच्या मेलचा आधार असेल तेवढी थोडी सैल मागावी. आधार नसताना मात्र फुगवू नये.

वर्षाच्या मध्ये तिसरी कंपनी मिळाली तर हा दाखला तिला चालत नाही. दाखला त्या-त्या टॅनपुरता. नव्या टॅनसाठी नवा अर्ज. आणि ३१ मार्चला सगळे दाखले संपतात, पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

कंपनीने मानला की नाही, कसं ओळखायचं

दाखला निघाला की कंपनीलाही तो ट्रेसेसवर दिसतो आणि तिथे नंबर टाकून खरा-खोटा तपासता येतो. तरी तुम्ही त्याची पीडीएफ आणि नंबर मेलवर पाठवा. कंपनीला दर तिमाहीच्या टीडीएस पत्रकात (२६क्यू) तो नंबर तुमच्या ओळीत लिहावा लागतो. विसरली किंवा एक आकडा चुकला तर खातं तिला कमी कपात केल्याची नोटीस पाठवतं. मग तोच अकाउंटंट पुढच्या महिन्यापासून ‘नको ती भानगड’ म्हणून १० टक्के कापायला लागतो. नोटीस आल्याचं कळलं तर पत्रक दुरुस्त करून नंबर टाकायला सांगा. दाखला खरा असेल आणि नंबर बरोबर पडला तर ती मागणी निघून जाते.

दाखल्यानंतरच्या पहिल्या बिलाची रक्कम खात्यावर आली की त्याच दिवशी हिशोब करा. ८९,१०० आले पाहिजेत. ८१,००० आले असतील तर लगेच फोन करा, कारण त्या महिन्याचा टीडीएस कंपनी पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरते. भरण्याआधी चूक कळली तर दुरुस्त करणं सोपं, नंतर ती रक्कम रिफंडमध्येच. २६एएस मध्ये नोंद दिसायला तिमाही संपून पत्रक भरावं लागतं. एप्रिल ते जूनचं पत्रक भरायची मुदत ३१ जुलै असते. तोवर थांबू नका.

कपात कमी झाली, कर नाही

दाखल्याने कर माफ होत नाही, हे काही जण विसरतात. समजा, तालुक्याच्या तीन हॉस्पिटलांत जाणारा भूलतज्ज्ञ आहे. वर्षाची फी २८ लाख, निम्मं उत्पन्न १४ लाख. २०२५-२६ च्या दराने कर ९०,००० आणि ४ टक्के उपकर धरून ९३,६००. फीशी तुलना केली तर साधारण ३.३४ टक्के. १० टक्क्यांनी त्याचे २,८०,००० कापले जातील, म्हणून दाखला घेणं त्याच्या फायद्याचं आहे. पण दाखला २ टक्क्यांचा मिळाला तर कापले जातील ५६,०००, आणि उरलेले ३७,६०० त्याने स्वतः भरायचे. टीडीएस जाऊन १०,००० किंवा जास्त कर उरत असेल तर तो आगाऊ कर म्हणून द्यावा लागतो. ४४एडीए वाल्यांना तो एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत. चुकला तर व्याज.

इंजिनिअरचंही तसंच. वर्षाच्या मध्ये मोठं काम लागून उत्पन्न १२ लाखांच्या पुढे गेलं तर पूर्ण माफीची सवलत संपते. फेब्रुवारीत एकदा वर्षाची सगळी बिलं मांडून हिशोब करावा, म्हणजे मार्चमध्ये धावपळ होत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा २०२५ लागू झाला असून त्यात कलमांचे नंबर बदलले आहेत. जुन्या कलम १९७ चं काम तिथे कलम ३९५ करतं. त्या तारखेनंतरच्या फीसाठी अर्ज करताना साइटवर जुना नंबर शोधत बसू नका, कमी किंवा शून्य कपातीच्या प्रमाणपत्राचा अर्ज शोधा. कंपनीला मेल लिहितानाही नंबराऐवजी ‘व्यावसायिक फीवरील कपात’ असं लिहिलं तर गोंधळ होणार नाही.